बातमीला नेमके काय विचारायचे? फ्रेमिंग, स्रोत आणि मथळ्यांवरच्या सादरीकरणाची तयारी

माध्यम अभ्यासाच्या पहिल्या सादरीकरणासाठी विद्यार्थी जे प्रश्न लिहून आणतात, त्यांत दोन हमखास सापडतात. ‘वृत्तपत्रे पक्षपाती असतात का?’ आणि ‘माध्यमे जनमत घडवतात का?’ दोन्ही प्रश्न मनापासून विचारलेले असतात, पण पंधरा मिनिटांत त्यांचे उत्तर देता येत नाही. वर्गात वाद होतो, जो तो आपले आधीचेच मत सांगतो आणि समोर ठेवलेले कात्रण कुणी धड वाचतही नाही.

म्हणून प्रश्न लिहिला की त्याच्यापुढे लगेच लिहा: याचे उत्तर कोण देणार? बातमीच्या बाबतीत उत्तर देणारे तिघेच असतात. पहिले खुद्द कात्रण, म्हणजे छापलेला मजकूर. दुसरा वाचक. तिसरा बातमी लिहिणारा किंवा लावणारा. ‘बातमीत शेतकऱ्याचे नाव दिले आहे का?’ याचे उत्तर कात्रण देते. ‘मथळा वाचून काय वाटले?’ याचे उत्तर फक्त वाचक देऊ शकतो. ‘शेतकऱ्याला फोन का केला नाही?’ हे बातमीदारालाच विचारावे लागते. सादरीकरणे फसतात ती बहुधा इथेच. वाचकाला विचारायचा प्रश्न कात्रणाला विचारलेला असतो, किंवा बातमीदाराच्या मनातला हेतू मथळ्यातून ओढूनताणून काढलेला असतो.

पुढे खान्देशात दर उन्हाळ्यात छापून येणाऱ्या एका विषयावर सगळी तयारी करून दाखवतो. तो विषय म्हणजे वादळाने पडलेली केळी.

पायरी पहिली: एक घटना, एक तारीख

जळगावहून लोकमत, सकाळ, दिव्य मराठी, देशदूत अशा अनेक दैनिकांच्या आवृत्त्या निघतात, त्यामुळे एकाच घटनेची तीन-चार कात्रणे जमवणे अवघड नाही. अवघड आहे ते तुलना न्याय्य ठेवणे. एका दैनिकाची बुधवारची बातमी आणि दुसऱ्याची शुक्रवारची बातमी शेजारी ठेवून ‘बघा, यांनी नुकसान कमी दाखवले’ असे म्हणता येत नाही. बुधवारी तहसील कार्यालयाकडे फक्त नजरअंदाज असतो, शुक्रवारपर्यंत पंचनाम्यांचे आकडे यायला लागतात. तो फरक तारखेचा असतो. म्हणून सगळी कात्रणे एकाच तारखेची घ्या. आठवडाभराचा प्रवास दाखवायचा असेल, तर प्रत्येक दैनिकाची त्या आठवड्यातली प्रत्येक बातमी घ्या. मधलीच आवडलेली उचलू नका.

मोबाइलवर फोटो काढताना आधी अख्ख्या पानाचा काढा, मग बातमीचा. बातमी पहिल्या पानावर होती की तालुक्याच्या पानावर, घडीच्या वर होती की खाली, किती कॉलमची होती, शेजारी कसली जाहिरात होती, हे सगळे नंतर लागते आणि नुसत्या कात्रणावरून कळत नाही. फोटोखाली दैनिक, आवृत्ती, तारीख आणि पान लिहून ठेवा.

कात्रणे समोर आली की आधी एक गोष्ट तपासा. दोन दैनिकांतली वाक्येच्या वाक्ये जशीच्या तशी जुळतात का? जुळत असतील, तर दोन्ही बातम्या एकाच प्रेसनोटवरून आलेल्या असण्याची दाट शक्यता आहे. तसे असल्यास त्यांना दोन स्वतंत्र पुरावे धरू नका. ‘तिन्ही दैनिकांनी एकच बाजू मांडली’ या निष्कर्षामागे पुष्कळदा तीन दैनिके नसतात, एक प्रेसनोट असते. हे शोधून काढले तर तोच तुमच्या सादरीकरणाचा चांगला मुद्दा होऊ शकतो.

सरावाची बातमी

खालची बातमी मी सरावासाठी रचली आहे. घटना काल्पनिक आहे, पण लिहिण्याची धाटणी रोजच्या वाचनातलीच आहे.

मथळा: वादळाचा तडाखा; तापीकाठी केळी भुईसपाट

‘तापीकाठच्या सात गावांना मंगळवारी सायंकाळी वादळी वाऱ्याने तडाखा दिला. कापणीवर आलेल्या केळीच्या बागा आडव्या झाल्या असून सुमारे ४०० हेक्टरवर नुकसान झाल्याचा प्राथमिक अंदाज तहसील कार्यालयाने वर्तवला आहे. पंचनामे तातडीने करण्याचे आदेश दिले असून एकही शेतकरी मदतीपासून वंचित राहणार नाही, असे तहसीलदारांनी स्पष्ट केले. आमदारांनी बुधवारी नुकसानग्रस्त बागांची पाहणी करून शेतकऱ्यांना धीर दिला. दरम्यान, मागील वर्षीच्या नुकसानीची विम्याची रक्कम अद्याप मिळाली नसल्याचा आरोप काही शेतकऱ्यांनी केला. तांत्रिक कारणांमुळे काही प्रस्ताव प्रलंबित असल्याचे विमा कंपनीच्या सूत्रांनी सांगितले.’

सहाच वाक्ये आहेत. यातले एकही वाक्य खोटे नाही असे धरून चला. फ्रेमिंगचा अभ्यास खोट्या बातमीचा शोध घेत नाही. खऱ्या गोष्टींपैकी कोणती पुढे आली आणि कोणती मागे राहिली, एवढेच तो पाहतो. हे वर्गाला सुरुवातीलाच सांगा, नाहीतर अर्धा वेळ ‘मग बातमी खोटी आहे का?’ यातच जातो.

पायरी दुसरी: फ्रेम शोधणारे चार प्रश्न

फ्रेम ही कल्पना समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी १९७४ मध्ये सविस्तर मांडली. बातमीच्या अभ्यासात तिचा उपयोग कसा करायचा, याची सगळ्यांत हाताशी येणारी मांडणी रॉबर्ट एन्टमन यांच्या १९९३ च्या लेखात आहे. त्यांच्या मते फ्रेम चार कामे करते: अडचण काय आहे ते ठरवते, तिचे कारण सांगते, त्यावर बरे-वाईट असा निवाडा करते आणि उपाय सुचवते. प्रत्येक बातमीत चारही असतीलच असे नाही. ही चार कामे म्हणजेच तुमचे चार प्रश्न.

आता ते सरावाच्या बातमीला विचारा. अडचण काय? पहिल्या चार वाक्यांपुरती अडचण वादळ आहे. कारण कोणते? निसर्ग. निवाडा काय? प्रशासन तत्पर आहे, लोकप्रतिनिधी धीर देत आहेत. उपाय कोणता? पंचनामे आणि सरकारी मदत. पाचव्या वाक्यात ‘दरम्यान’ आला आणि बातमीत दुसरीच फ्रेम शिरली. तिथे अडचण थकलेला विमा आहे, कारण माणसांच्या कारभारात आहे आणि उपाय दिलेलाच नाही. एकाच बातमीत दोन फ्रेम असू शकतात, आणि त्यांतली कोणती मथळ्यापर्यंत पोहोचते हे पाहण्यासारखे असते. मराठी बातमीतला ‘दरम्यान’ दिसला की थांबा. त्याच्या मागे बहुधा अशी बाजू असते जी वगळता आली नाही, पण वरही घ्यायची नव्हती.

उपायाचा प्रश्न तर या विषयात फार महत्त्वाचा आहे, कारण त्यावर शेतकऱ्याचे पैसे अवलंबून असतात. वादळानंतर दोन वेगळ्या वाटा असतात. एक सरकारी आपत्ती मदतीची. महसूल, कृषी आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारी पंचनामा करतात आणि ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तर शेतकरी मदतीला पात्र ठरतो. हा निकष २०१५ पूर्वी ५० टक्के होता. दुसरी वाट हवामान आधारित फळपीक विम्याची. तिथे तापमानासारखे निकष महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरतात, आणि वारा किंवा गारपिटीच्या नुकसानीची सूचना शेतकऱ्याला कंपनीकडे ठरलेल्या मुदतीत, साधारणपणे ७२ तासांत, वेगळी द्यावी लागते. आपल्या बातमीत पहिली वाट आहे, दुसरीचा पत्ताच नाही. ‘पंचनामा होणार आहे’ एवढे वाचून निश्चिंत झालेला शेतकरी विम्याची मुदत गमावू शकतो. फ्रेमचा परिणाम फक्त मतांवर होतो असे कुणी म्हटले तर हे उदाहरण द्या.

मात्र कात्रणाला विचारायचे प्रश्न नेमके असावे लागतात. ‘बातमीत प्रशासनाची बाजू जास्त आहे का?’ यावर दोघांची दोन मते पडतील. ‘नुकसानीसाठी निसर्गाशिवाय दुसरे कोणतेही कारण नोंदवले आहे का? असल्यास कितव्या वाक्यात?’ यावर पडणार नाहीत. हो-नाही अशा छोट्या प्रश्नांतून फ्रेम ओळखण्याची पद्धत सेमेट्को आणि फाल्केनबर्ख या दोन संशोधक स्त्रियांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासामुळे रूढ झाली. नवख्यांना ती सोपी पडते. प्रश्न पक्का आहे की नाही हे तपासायचे असेल, तर गटातल्या दोघांनी एकमेकांना न विचारता तीच पाच कात्रणे तपासावीत आणि उत्तरे जुळवून पाहावीत. एकाच प्रश्नावर पुन्हा पुन्हा फरक पडत असेल तर मतदान घेऊन उत्तर ठरवू नका. प्रश्नच नव्याने लिहा.

पायरी तिसरी: स्रोत मोजायचे कसे

इथे बहुतेक गट नुसती मोजणी करतात. ‘चार स्रोत, त्यांत दोन सरकारी’ एवढे लिहून पुढे जातात. मोजणी लागतेच, पण स्रोताबद्दल खरी माहिती चार गोष्टींतून मिळते: त्याला नाव किंवा पद मिळाले का, तो कितव्या वाक्यात आला, त्याला किती वाक्ये मिळाली आणि त्याच्या बोलण्यापुढे कोणते क्रियापद लावले.

आपल्या बातमीचा हिशेब असा येतो. पहिल्या वाक्याला स्रोतच नाही, ते बातमीदाराचे स्वतःचे निवेदन आहे. तहसील कार्यालय आणि तहसीलदारांना दुसरे व तिसरे अशी दोन वाक्ये मिळाली, पदासह. आमदारांना चौथे, तेही पदासह. शेतकऱ्यांना पाचवे, ‘काही शेतकरी’ म्हणून. विमा कंपनीला सहावे, ‘सूत्रांनी’ म्हणून. ज्यांच्या बागा पडल्या ते चौघांत तिसरे आले आणि बिनचेहऱ्याचे राहिले.

आता क्रियापदे पाहा. तहसीलदारांनी ‘स्पष्ट केले’, शेतकऱ्यांनी ‘आरोप केला’, कंपनीच्या सूत्रांनी ‘सांगितले’. ‘एकही शेतकरी वंचित राहणार नाही’ हे भविष्याबद्दलचे आश्वासन आहे. जे अजून घडायचे आहे ते कुणी स्पष्ट करू शकत नाही. उलट ‘गेल्या वर्षीची रक्कम मिळाली नाही’ ही बँकेच्या पासबुकात पाहता येणारी गोष्ट आहे. म्हणजे पडताळता येणाऱ्या वाक्याला ‘आरोप’ आणि न पडताळता येणाऱ्या वाक्याला ‘स्पष्ट केले’. बातमीदाराने हे जाणूनबुजून केले असेल असे मला वाटत नाही. हाताला सवय लागते आणि पदाप्रमाणे क्रियापद आपोआप येते. पण म्हणूनच ते मोजण्यासारखे आहे. एका रकान्यात बोलणारा, दुसऱ्यात क्रियापद, तिसऱ्यात ‘हे विधान तपासता येते का?’ असा तक्ता दहा कात्रणांवर भरला की वर्गाला दाखवायला भक्कम काहीतरी हाती येते.

अमेरिकेत लिऑन सिगल यांनी दोन मोठ्या दैनिकांच्या पानांवरचे स्रोत मोजून १९७३ मध्ये दाखवून दिले होते की निम्म्याहून बरेच जास्त स्रोत सरकारी अधिकारी असतात. ब्रिटनमध्ये स्टुअर्ट हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये त्यापुढचे मांडले: अधिकृत स्रोताला पहिला शब्द मिळाला की विषय काय आहे हे तोच ठरवतो, आणि नंतर बोलणाऱ्याला त्याच विषयाच्या आत राहून बोलावे लागते. आपल्या बातमीत तेच झाले. तहसील कार्यालयाने विषय ठरवला, वादळ आणि पंचनामे. शेतकरी विम्याबद्दल बोलले, पण तोवर ते विषयांतर झाले होते.

यानंतरचा प्रश्न सगळ्यांत कठीण असतो, कारण तो छापलेल्या मजकुराबाहेर नेतो: इथे कोण बोलायला हवे होते आणि बोललेले नाही? हवेत बोट दाखवू नका, घटनेत ज्यांचे नफा-नुकसान आहे त्यांची आधी यादी करा. केळीच्या बाबतीत बागायतदार आहे, बटईने दुसऱ्याची जमीन कसणारा आहे, कापणी आणि गाडी भरण्यावर जगणारे मजूर आहेत, माल उचलणारा व्यापारी आहे, हवामान केंद्राची नोंद आहे, विमा कंपनी आहे. भरपाई सातबाऱ्यावरच्या नावाने जाते, त्यामुळे बटईदाराचे नुकसान पंचनाम्यात दिसतच नाही. बातमीचा आकडा पंचनाम्यावरून आला की बटईदार बातमीतूनही गेला. मजुरांचे तसेच. बाग पडली म्हणजे पुढचे काही आठवडे काम नाही, पण ‘हेक्टर’ या मापात मजुरी मोजली जात नाही. यादीतल्या प्रत्येकापुढे ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच लिहा.

भाषेचीही एक बाजू आहे आणि खान्देशात ती सोडून चालणार नाही. शेतकरी बोलतो अहिराणीत किंवा लेवा गणबोलीत, नंदुरबारच्या डोंगराळ पट्ट्यात भिली किंवा पावरीत, आणि छापून येते प्रमाण मराठी. अधिकाऱ्याचे वाक्य जवळजवळ जसेच्या तसे उतरते, शेतकऱ्याचे मात्र सारांश होऊन उतरते. तेव्हा असा प्रश्न ठेवा: कुणाचे बोलणे अवतरणचिन्हांत आहे आणि कुणाचे बातमीदाराच्या शब्दांत? बोलीतले वाक्य मुद्दाम राखले असेल, तर ते माहितीसाठी राखले आहे की फक्त हळहळ दाखवण्यासाठी, हेही पाहा.

पायरी चौथी: मथळ्यात कर्ता कुठे आहे

मथळ्याबद्दल नवे विद्यार्थी विशेषणांमागे लागतात. ‘संतप्त’, ‘खळबळ’, ‘हादरले’ असे शब्द अधोरेखित करून आणतात. ते सोपे आहे आणि त्यातून फार काही निघत नाही. मराठी मथळ्याची खरी ताकद क्रियापदात असते, आणि क्रियापद कर्ता दाखवते की लपवते यात असते.

‘पंचनामे रखडले’ आणि ‘पंचनामे रखडवले’ यांत एका अक्षराचा फरक आहे. पहिल्यात पंचनामे आपोआप रखडले, दुसऱ्यात कुणीतरी ते रखडवले आणि वाचक लगेच विचारतो, कुणी? ‘विमा थकला’ आणि ‘कंपनीने विमा थकवला’ यांतही तेच. ‘मदत मिळणार’ म्हटले की देणारा दिसत नाही, ‘सरकार मदत देणार’ म्हटले की उद्या जाब विचारायला पत्ता मिळतो. बुडाले, थकले, रखडले, उडाले, फसले ही क्रियापदे मथळ्यांत भरपूर सापडतील. त्यांची यादी करा आणि प्रत्येकापुढे लिहा: करणारा कोण, आणि तो मथळ्यात आहे, बातमीत आहे, की कुठेच नाही?

चिन्हेही पाहा. ‘एकही शेतकरी वंचित राहणार नाही : तहसीलदार’ यात दोन बिंदूंनी जबाबदारी बोलणाऱ्यावर टाकली आहे. ते बिंदू आणि पद काढून ‘एकही शेतकरी वंचित राहणार नाही’ असे छापले तर आश्वासनाची बातमी झाली. प्रश्नचिन्हाचा मथळा असेल तर बातमीत त्या प्रश्नाचे उत्तर आहे का ते तपासा. नसेल, तर शंका मथळ्याने पेरली आणि मजकुराने ती तशीच सोडली.

आता त्याच सहा वाक्यांवर तीन मथळे लावून पाहा. ‘वादळाचा तडाखा, तापीकाठी केळी भुईसपाट’. ‘एकही शेतकरी वंचित राहणार नाही : तहसीलदार’. ‘गेल्या वर्षीचा विमा मिळेना, पुन्हा केळी आडवी’. तिन्हींना मजकुरात आधार आहे, तरी पहिला वाचणारा आभाळाकडे बघतो, दुसरा तहसीलदारांकडे आणि तिसरा विमा कंपनीकडे. अर्थात हे माझे म्हणणे झाले. वाचक खरेच तसे पाहतो का, हे कात्रण सांगू शकत नाही, त्यासाठी वाचकाकडेच जावे लागते.

पायरी पाचवी: वर्गातली छोटी चाचणी

मथळ्याचा परिणाम मोजण्यासाठी सगळ्यांना एकच मजकूर द्या, मथळे मात्र दोन ठेवा. पहिला आणि तिसरा मथळा घ्या. चिठ्ठ्या छापा, दोन्ही प्रकार एकआड एक लावून गठ्ठा करा, प्रत्येक चिठ्ठीवर क्रमांक टाका आणि बाकांच्या ओळीने वाटत जा. डावी रांग एक मथळा, उजवी रांग दुसरा असे करू नका, कारण एकत्र बसणारे बहुधा एकाच गावचे किंवा एका मताचे असतात आणि मग फरक मथळ्याचा की मैत्रीचा ते कळत नाही. दोन मथळे आहेत हे आधी सांगायचे नाही.

वाचून झाले की चिठ्ठ्या मोजून परत घ्या, दहा मिनिटे सादरीकरणाचा दुसरा भाग करा, आणि मग कोऱ्या कागदावर आपल्या चिठ्ठीचा क्रमांक आणि उत्तरे लिहायला सांगा. प्रश्न तीनच. बातमी कशाबद्दल होती, एका वाक्यात लिहा. नुकसानीचा अंदाज किती हेक्टरचा होता आणि तो कुणी दिला? शेतकऱ्यांच्या अडचणीला तुमच्या मते मुख्यतः काय किंवा कोण कारणीभूत आहे?

तिसरा प्रश्न लिहिताना जपा. ‘शेतकऱ्यांना विमा न मिळण्यास कोण जबाबदार?’ असे विचारले तर विम्याचा मुद्दा तुम्हीच डोक्यात घातला आणि चाचणी तिथेच संपली. ‘काय किंवा कोण’ असे म्हणायचे, म्हणजे वारा हेही उत्तर होऊ शकते. पर्याय देऊ नका. उत्तरे आल्यावर ती निसर्ग, सरकार, विमा कंपनी, शेतकरी स्वतः आणि इतर अशी वेगळी करा. ज्याला कुणाची चिठ्ठी कोणती होती हे माहीत नाही, अशाने ही विभागणी केली तर उत्तम.

आकडे आले की हुरळून जायचे नाही. चाळीसच्या वर्गात प्रत्येक मथळ्याला वीस जण येतात. एका गटात ८ जणांनी विमा कंपनी लिहिले आणि दुसऱ्यात ११ जणांनी, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, एवढा फरक योगायोगानेही पडतो. ५ आणि १५ असे आले तर बोलण्यासारखे आहे. टक्केवारी देऊ नका. ‘वीसपैकी पाच’ असेच म्हणा, म्हणजे ऐकणाऱ्यालाही गट किती लहान आहे ते कळते. फरक आलाच नाही तर तसेच सांगा. मजकूर सहाच वाक्यांचा होता, सगळ्यांनी तो पूर्ण वाचला, शिवाय वर्गात विम्याचा अनुभव असलेली घरे असतील तर मथळ्यापेक्षा घरचा अनुभव भारी पडतो. ऑस्ट्रेलियातल्या उलरिख एकर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की मथळा किंचित दिशाभूल करणारा असला तरी मजकूर वाचलेल्यांच्या आठवणीवर किंवा त्यांनी काढलेल्या अनुमानांवर त्याचा परिणाम होतो. तो मोठ्या तयारीने केलेला अभ्यास होता. तुमच्या चाचणीतून तेवढे सिद्ध होणार नाही, पण पद्धत दाखवता येईल.

चाचणी संपली की बातमी काल्पनिक होती हे लगेच सांगा आणि एकही चिठ्ठी वर्गात राहिली नाही ना ते पाहा. एखाद्याने फोटो काढून गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, तर संध्याकाळपर्यंत ती खरी बातमी होऊन फिरेल.

पायरी सहावी: बातमीदाराला विचारायचे प्रश्न

‘का?’ने सुरू होणारे सगळे प्रश्न या गठ्ठ्यात जातात. तालुक्याच्या बातमीदाराला भेटलात तर आधी काम कसे चालते ते विचारा. बातमी किती वाजेपर्यंत पाठवावी लागते, बांधावर जायला वेळ मिळतो का, आकडा आधी कुठून येतो, मथळा कोण लावते. बहुतेक ठिकाणी बातमी पाठवणारा एक असतो आणि मथळा देणारा जिल्हा कार्यालयातला उपसंपादक दुसरा, आणि त्याला कॉलमच्या रुंदीत बसेल एवढ्याच अक्षरांत काम भागवायचे असते. हे कळल्यावर ‘बातमीदाराने असा मथळा का दिला?’ हा प्रश्न तुम्ही स्वतःच खोडाल.

‘तुम्ही शेतकऱ्यांची बाजू का दाबली?’ असे विचारू नका. ‘या बातमीसाठी कुणाकुणाशी बोलणे झाले, आणि कुणाशी बोलायचे राहून गेले?’ असे विचारा. पहिल्या प्रश्नावर माणूस स्वतःचा बचाव करतो, दुसऱ्यावर माहिती देतो. बातमीदाराचे नाव सादरीकरणात घेण्यापूर्वी त्याची परवानगी घ्या. नाही म्हणाला तर ‘तालुक्यातले एक बातमीदार’ एवढे पुरे.

पायरी सातवी: सादर करताना

पंधरा मिनिटांत पाचांहून जास्त प्रश्न घेऊ नका. दोन फ्रेमचे, दोन स्रोतांचे, एक मथळ्याचा, एवढे पुष्कळ झाले. चिठ्ठ्या सुरुवातीलाच वाचून घ्या, मग कात्रणांचे विश्लेषण आणि शेवटी चाचणीची उत्तरे, असा क्रम ठेवला तर मधली दहा मिनिटे आपोआप मिळतात. फक्त त्या मधल्या भागात सरावाच्या बातमीचा विषय काढू नका आणि मथळ्याचा प्रश्न उत्तरे लिहून झाल्यावरच घ्या. पडद्यावर एका वेळी एकच कात्रण दाखवा आणि ज्या वाक्याबद्दल बोलत आहात तेच रंगवा. ‘तहसीलदारांची वाक्ये निळी, शेतकऱ्यांचे हिरवे’ एवढ्यानेही मागच्या बाकावरच्याला फरक दिसतो.

परीक्षकांकडून तीन प्रश्न येतात. ‘हीच कात्रणे का?’ याला तारीख आणि निवडीचा नियम सांगा, आणि कोणते दैनिक मिळाले नाही तेही सांगा. ‘प्रत्येक बातमीला फ्रेम असतेच, मग यात विशेष काय?’ याला होय म्हणा, आणि दुसऱ्या दैनिकाने तीच घटना वेगळ्या फ्रेममध्ये मांडल्याचे कात्रण पुढे करा. तुलनेविना फ्रेम दिसत नाही. कात्रणे तीन घ्यायची ती याचसाठी.

तिसरा प्रश्न असतो: ‘तुम्ही केळी आणि विमा निवडला, मजूर निवडले नाहीत, मग तुमचीही फ्रेमच झाली की?’ झालीच. तेव्हा आपल्या विश्लेषणालाही तेच चार प्रश्न आधी विचारून ठेवा आणि उत्तरे एका स्लाइडवर लिहा: आम्ही अडचण कोणती मानली, कारण काय मानले, कुणाला बरे-वाईट म्हटले, कोणता उपाय गृहीत धरला. त्याखाली तुमच्या यादीतून कोण सुटले त्यांची नावे टाका. ती स्लाइड शेवटी ठेवा आणि प्रश्नोत्तरे संपेपर्यंत पडद्यावर राहू द्या.